काळा दिन, राज्योत्सव आणि साडेसहाशे शब्द

१ नोव्हेंबर म्हणजे काय हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे आणि डीजे, तर शहराच्या दुसऱ्या अंगाला काळ्या फिती लावून निघालेली सायकल फेरी. त्याच दिवशी शहरातल्या काही घरांत एखादं पोर खिडक्या लावून लॅपटॉपसमोर बसलेलं असतं, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांच्या लवकरच्या प्रवेशफेरीची शेवटची तारीखही १ नोव्हेंबरच आहे. हा निव्वळ योगायोग. पण बाहेर डीजे वाजत असताना ‘तुमच्याबद्दल लिहा’ हा प्रश्न समोर आला की इथलं पोर हमखास सीमाप्रश्नावर लिहितं.

मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. मुलं आपले मसुदे वाचायला आणून देतात. ‘सर, यात सीमाप्रश्न आणू की नको?’ हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. घरचे म्हणतात, नको, वाचणारा कोण निघेल सांगता येत नाही. मित्र म्हणतात, घाल, दुसरं काय आहे आपल्याकडे सांगायला? माझ्या मते दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतात. विषयामुळे वाचक बिथरत नाही, मसुद्यात त्याला बसायला जागाच ठेवलेली नसते म्हणून बिथरतो. ही जागा कशी ठेवायची ते खानापूर तालुक्यातल्या एका मुलीच्या निबंधावरून सांगतो. तिची परवानगी आहे, नाव मात्र देत नाही.

हा निबंध असतो तरी काय

परदेशी विद्यापीठं, आपल्याकडची काही खासगी विद्यापीठं आणि शिष्यवृत्त्या अर्जाबरोबर एक निबंध मागतात. त्याला आपण अर्ज-निबंध म्हणू. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा एकच सामाईक अर्ज चालतो. त्यातल्या मुख्य निबंधाला किमान २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांची मर्यादा आहे. ६५१वा शब्द तो अर्ज घेतच नाही. लिहायला काही विषय दिलेले असतात. त्यातला एक साधारण असा: एखादी समजूत किंवा कल्पना तुम्हाला खटकली, तुम्ही तिला प्रश्न विचारलात, असा प्रसंग सांगा. कशामुळे विचार करावासा वाटला आणि पुढे काय झालं?

प्रश्न नीट वाचा. ‘तुमचं मत काय’ असं त्यात कुठेच नाही. त्यांना विचार कसा हलला ते हवंय.

आपल्याकडे मुलांना मत मांडायचं शिक्षण मिळतं ते वक्तृत्व स्पर्धेत. तिथे समोर आपलीच माणसं असतात आणि टाळ्या कुठे पडणार हे आधीच ठाऊक असतं. अर्ज-निबंध मला राणी चन्नम्मा एक्सप्रेससारखा वाटतो. रात्री बेळगावात गाडीत चढलात, समोरच्या बर्थवर एक अनोळखी माणूस आहे आणि सकाळी बेंगळुरू येईपर्यंत सोबत आहे. तो विचारतो, ‘तुम्ही कुठले?’ तुम्ही १९५६पासून सुरुवात केलीत तर तो पांघरूण ओढून घेतो. तुमच्या मताला त्याचा विरोध असतो असंही नाही. अजून तुमची ओळखच झालेली नाही, एवढंच.

निबंध वाचणाराही असाच. दिवसभरात त्याच्यासमोरून असे कितीतरी निबंध जातात आणि प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात. सीमाप्रश्नाचा निकाल लावायचं काम त्याच्याकडे नाही. हे पोर वर्गात आपल्याशी न पटणाऱ्याच्या शेजारी बसलं तर शिकेल का आणि शिकवेल का, एवढंच तो चाचपतो.

पहिला मसुदा कुठे बुडाला

त्या मुलीचा पहिला मसुदा इंग्रजीत होता. त्याची सुरुवात इथे मराठीत देतो:

“गेली जवळपास सत्तर वर्षं सीमाभागातल्या मराठी माणसावर अन्याय होत आला आहे. आमची भाषा, आमची संस्कृती चिरडली जात आहे. आमच्या हुतात्म्यांनी रक्त सांडलं, तरीही कर्नाटकव्याप्त प्रदेशातला आमचा आवाज कुणी ऐकत नाही.”

वाचताना माझे डोळे पाणावले होते, हे कबूल करतो. १ जून १९८६ला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात हिंडलग्याला गोळीबार झाला, ते दिवस मी पाहिले आहेत. पण मी बेळगावचा आहे. अर्ज वाचणारा नाही.

मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करायला सांगितलं. पहिल्या पानावर चौदा वाक्यं होती. नऊ वाक्यांत ‘आम्ही’ किंवा ‘मराठी माणूस’, चारांत ‘ते’ किंवा ‘सरकार’. ‘मी’ एकाच वाक्यात, आणि तेही शेवटच्या: ‘म्हणून मला तुमच्या विद्यापीठात शिकायचं आहे.’ म्हणजे हे पान सीमाभागातल्या कुठल्याही मुलीला, तिच्या भावाला, फार काय मलाही आपल्या नावाने पाठवता आलं असतं.

दुसरी अडचण शब्दांची. काही शब्दांच्या पोटात निकालच दडलेला असतो. ‘कर्नाटकव्याप्त’ म्हटलं की खटल्याचा निकाल लावून झाला. ‘काळा दिन’ आणि ‘राज्योत्सव’ ही एकाच तारखेची दोन नावं आहेत आणि जे नाव घ्याल त्यावरून तुम्ही कुणाचे ते ठरतं. शहराचं नावही तसंच. २०१४ साली सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, घरात आपण ‘बेळगाव’ म्हणतो. निबंधात मी अर्जावर जे सरकारी नाव आहे तेच एकदा लिहायला सांगतो. संवादात आजीच्या तोंडी ‘बेळगाव’ येऊ द्यावं. आजी ते म्हणणारच. लिहिणाऱ्याने मात्र निकाल पोटात दडलेला शब्द आपल्या तोंडी घेतला, की वाचकाला वाटतं आपल्याला न विचारता आपली सही घेतली.

इतिहास किती सांगायचा

‘पण सर, परक्या माणसाला सीमाप्रश्न माहीतच नसतो. सांगायला नको?’ सांगायला हवा. मात्र ६५० शब्दांपैकी पार्श्वभूमीला सत्तर-ऐंशीच्या वर देऊ नयेत, आणि ते असे असावेत की खानापूरचा मराठी माणूस आणि बैलहोंगलचा कन्नड माणूस, दोघंही सही करतील. कसोटी हीच. बराच वेळ घालवून आम्ही हे तयार केलं:

“१९५६ साली भारतात भाषेनुसार राज्यं नव्याने आखली गेली, तेव्हा माझा तालुका आजच्या कर्नाटकात आला. इथे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे लोक राहतात. मराठीभाषक गावं आपल्याला मिळावीत असा महाराष्ट्राचा दावा आहे. कर्नाटकच्या मते हा प्रश्न १९६७च्या एका आयोगाने संपवला. २००४पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे.”

यात ‘दुर्दैवाने’ नाही, ‘तथाकथित’ नाही. लिहिताना तिला फार जड गेलं. ‘हे वर्तमानपत्रासारखं वाटतंय’ म्हणाली. वाटू दे. तापलेल्या विषयावरचं एक थंड वाक्य वाचकाला सांगतं की पुढचं गरम वाक्यही विश्वासाने वाचायला हरकत नाही.

यावर एक पायरी आणखी आहे आणि ती फार थोडी मुलं चढतात. आपल्या बाजूला अडचणीची ठरणारी एक खरी गोष्ट आपणच सांगायची. सीमाप्रश्नात अशा गोष्टी भरपूर सापडतात. १९६७चा तो आयोग म्हणजे महाजन आयोग. तो नेमला जावा म्हणून सेनापती बापटांनी १९६६मध्ये उपोषण केलं होतं, म्हणजे आयोगाची मागणी आपलीच. त्या आयोगाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवायला सांगितलं आणि महाराष्ट्राने अहवाल नाकारला. तोच आयोग निपाणी, नंदगड, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असंही म्हणाला, आणि ‘आयोग अंतिम’ म्हणणारे त्या पानावर फारसे थांबत नाहीत. हे सगळं निबंधात कोंबायचं नाही. पण जिला हे ठाऊक आहे तिच्या वाक्याचा स्वर बदलतो. मुलीचा तालुका खानापूर, आणि तरीही आयोगाने नेमकं काय म्हटलं होतं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन तिने वडिलांशी वाद घातला म्हणे.

दुसरा मसुदा: एका बोज्याची गोष्ट

मी तिला विचारलं, ‘या प्रश्नापायी तू स्वतः काय केलंस? मोर्चात गेलीस ते सोडून.’ बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘काही नाही सर. गावातली पहाणी वाचून देते.’

पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा, महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात तो. आमच्याकडे तो कन्नडमध्ये असतो. मुलगी मराठी शाळेतली, पण शाळेत कन्नड ही भाषा म्हणून शिकलेली. आठवीत असताना काकूच्या पहाणीवर तिला सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा दिसला. कर्ज फेडून दोन वर्षं झाली होती. बोजा तसाच राहिला होता, कारण घरात कुणाला तो रकाना वाचताच येत नव्हता. तिने सोसायटीकडून बेबाकीचा दाखला आणवला, कन्नडमध्ये अर्ज लिहिला आणि काकूबरोबर नाडकचेरीत तीन फेऱ्या मारल्या. बोजा उतरला. तेव्हापासून संध्याकाळी कुणी ना कुणी कागद घेऊन दारात उभं.

इथे मी खुर्चीत सावरून बसलो. निबंध सापडला होता, आणि मोर्चाच्या निबंधापेक्षा हा सीमाप्रश्नाच्या जास्त जवळ होता.

पण नुसती समाजसेवा सांगून त्या विषयाचं उत्तर होत नाही. समजूत हलली का? मी खोदत राहिलो आणि दोन गोष्टी निघाल्या. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या कागदावर कर्ज खरोखरच थकलेलं होतं. तिने तसं सांगितल्यावर तो चिडला, ‘त्यांची भाषा शिकलीस आणि त्यांचीच झालीस.’ दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तिचं ठाम मत होतं की कागद मराठीत मिळाले की प्रश्न मिटेल. एकदा कुणीतरी एक सरकारी अर्ज मराठीत आणून दिला. तिने आनंदाने काकूच्या हातात ठेवला. काकूला वाचता येतं, तिने वाचलाही, आणि विचारलं, ‘हे भारग्रस्त म्हणजे काय गं?’ अर्ज मराठीत होता, पण कचेरीच्या मराठीत.

निबंधाचा कणा तिथे सापडला. दुसऱ्या मसुद्याचा शेवटाकडचा भाग असा झाला:

“ज्या तालुक्यांत मराठी बोलणारे मोठ्या संख्येने आहेत तिथे सरकारी कागद मराठीतही मिळावेत असं मला आजही वाटतं. पण काकूने तो शब्द विचारला तेव्हा मला कळलं की मी अर्ध्याच प्रश्नावर भांडत होते. कचेरीतला कन्नड कारकून मला म्हणाला होता की त्याच्या आईलाही पहाणी समजत नाही. तेव्हा मला वाटलं, तो विषय टाळतोय. आता वाटतं, तो मला उत्तर देत होता.”

मत कुठेही पुसलेलं नाही, पहिल्याच वाक्यात सरळ लिहिलंय. आणि त्याला आधारही आहे. केंद्र सरकारच्या १९५६च्या भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या योजनेनुसार ज्या तालुक्यात अल्पसंख्याक भाषा बोलणारे किमान पंधरा टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्यायच्या आहेत. पण त्या वाक्यानंतर कन्नड वाचकालाही आत यायला दार आहे, कारकुनाच्या आईचं. पेन्सिलची कसोटी पुन्हा लावली तर बहुतेक वाक्यांचा कर्ता ‘मी’ निघाला, आणि ‘ते’ एकदाही नव्हतं. कारकून आता ‘ते’ राहिला नव्हता, ‘तो’ झाला होता.

‘ही तर गुळमुळीत भूमिका झाली’

तिचा मोठा भाऊ मसुदा वाचून असंच म्हणाला. त्याचा राग मला कळतो. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर असं म्हणून सटकणारे निबंध मीही वाचले आहेत. ते नकोसे होतात, कारण लिहिणारा कुठे उभा आहे तेच कळत नाही. पण इथे ‘कागद मराठीतही मिळावेत’ हे सरळ लिहिलंय. दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडून मग आपलं म्हणणं त्याच्याशेजारी ठेवणं याला मी गुळमुळीतपणा म्हणत नाही. कोर्टात चांगला वकील तेच करतो.

‘वाचणारा कन्नडिग निघाला तर?’

निघू दे. बेंगळुरूच्या विद्यापीठात निघेलच. पहिल्या मसुद्यात त्याच्यासाठी आरोपीचा पिंजरा होता. दुसऱ्यात त्याला कदाचित त्याची स्वतःची आई दिसेल. आणि खरं सांगायचं तर या निबंधाने जास्त चिडेल तो आपल्याच बाजूचा कडवा वाचक. तो निवड समितीत असण्याची शक्यता फार नाही, तिच्या घरात मात्र आहे. आजीने विचारलं, ‘काय लिहूलालीस?’ मुलीने सगळा निबंध मराठीत वाचून दाखवला. आजीने एकच दुरुस्ती सुचवली: फेऱ्या तीन नव्हत्या, चार होत्या. निबंधात चार लिहिलं.

धर्माबद्दल लिहायचं असेल तर

नियम तेच, एक धोका जास्त. श्रद्धेबद्दल लिहिताना मुलं एक तर सगळं गृहीत धरतात किंवा परक्याला समजावं म्हणून इतकं सोपं करतात की वारी म्हणजे पायी काढलेली सहल वाटू लागते. निपाणीकडच्या एका मुलाने वारीवर लिहिलं होतं. मला आवडला तो एकच परिच्छेद, ज्यात घरात कुणीतरी गेल्याने वारी चुकली त्या वर्षी तो काय करत बसला हे होतं. तिथे देव आहे की नाही हा वाद वाचकाच्या मनात उठतच नाही. दुसऱ्याच्या धर्माशी तुलना करून आपला उजळ दाखवणारं एक वाक्य जरी आलं तरी ते काढा. त्यात सुधारणा करत बसू नका.

केव्हा लिहू नये

या विषयापायी तुम्ही स्वतः काही केलेलं, गमावलेलं किंवा बदललेलं नसेल तर लिहू नका. पेन्सिल फिरवल्यावर ‘मी’ सापडत नसेल तर दुसरा विषय घ्या. घटना ताजी असेल आणि अजून हात थरथरत असतील तर या फेरीत नको. आणि दीडशे शब्दांची छोटी उत्तरं मागणारे अर्ज असतात, तिथेही नको. तेवढ्यात पार्श्वभूमी आणि गोष्ट दोन्ही मावत नाहीत. पार्श्वभूमी गाळली तर वाचकाला काही उमगत नाही, गोष्ट गाळली तर पुन्हा पहिला मसुदा.

पाठवण्याआधी मी एक काम मात्र आवर्जून करायला लावतो. मसुदा समोरच्या बाजूच्या, पण तुम्हाला ओळखणाऱ्या एका माणसाला द्या. ‘बरा आहे का’ असं विचारू नका, सगळे बरा म्हणतात. विचारा: ‘वाचताना कुठे थांबलास?’

मुलीने तो आपल्या कन्नड मैत्रिणीला दिला. दोघी टिळकवाडीत एकाच क्लासला जायच्या. मला वाटत होतं ती खटल्याच्या वाक्यावर अडेल, पण तिथे ती थांबलीच नाही. तिने ‘माझा तालुका’मधल्या ‘माझा’ला गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘माझाही.’ मैत्रीण नंदगडची.

मुलीने तो शब्द रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बदलून लिहिलं, ‘जिथे मी वाढले तो तालुका’. इंग्रजीत तीन शब्द वाढले. एकूण ६४८.